एक वर्ष गोळ्या घेऊनही स्मिअर ‘३.५+’ का? कुष्ठरोगाचे जंतू मोजण्याविषयी

प्रश्न: माझे मामा रावेर तालुक्यात केळीच्या बागेत कामाला आहेत. गेल्या वर्षी त्यांना कुष्ठरोग निघाला. अंगावर एकही ठळक चट्टा नव्हता, फक्त कानाच्या पाळ्या जाड झाल्या होत्या आणि भुवया विरळ. तेव्हाच्या स्मिअरचा, म्हणजे त्वचेला चीर देऊन घेतलेल्या नमुन्याचा रिपोर्ट: उजवी पाळी ५+, डावी पाळी ५+, कपाळ ४+, मांडी ४+, बीआय ४.५, एमआय ६ टक्के. औषधांची बाराही पाकिटे नियमित घेतली. आता पुन्हा स्मिअर केला तर ४+, ४+, ३+, ३+, बीआय ३.५, एमआय ०. डॉक्टर म्हणतात औषध बंद. इतके जंतू शिल्लक असताना बंद कसे करायचे? आणि क्षयरोगात कल्चर करून कोणते औषध लागू पडते ते बघतात, तसे इथे का करत नाहीत? घरात दोन लहान मुले आहेत.

उत्तर:

तुमच्या डॉक्टरांनी औषध बंद केले ते बरोबर आहे, आणि तुम्ही लिहिलेल्या दोन रिपोर्टांतच त्याचे कारण आहे. त्यांतला बीआय म्हणजे एकूण जंतू किती याचा आकडा, आणि एमआय म्हणजे त्यांतले जिवंत वाटणारे किती याची टक्केवारी. ते कारण पटण्यासाठी आधी कल्चरच्या प्रश्नाकडे जावे लागेल, कारण कुष्ठरोगात आम्ही जंतू मोजत बसतो ते त्यांना वाढवून पाहता येत नाही म्हणूनच. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या स्मिअरच्या काचा मी तीस वर्षांहून अधिक काळ तपासल्या आहेत, आणि बारा पाकिटे संपलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांनी ‘अजून प्लस कसे?’ हे विचारले नाही, असे वर्ष मला आठवत नाही.

कुष्ठरोगाचा जंतू, मायकोबॅक्टेरियम लेप्री, नॉर्वेतील बर्गेन येथे हॅन्सन यांनी १८७३ साली पाहिला, म्हणजे कॉख यांना क्षयाचा जंतू सापडला त्याच्या नऊ वर्षे आधी. क्षयाचा जंतू मात्र काही आठवड्यांत अंड्याच्या माध्यमावर वाढतो, आणि हॅन्सनचा जंतू आजतागायत कोणत्याही कृत्रिम माध्यमावर वाढलेला नाही. तो अतिशय सावकाश वाढतो हे खरे आहे, एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे १२ ते १४ दिवस लागतात, पण नुसता सावकाशपणा असता तर वाट पाहून काम झाले असते. अडचण त्याच्या जनुकांतच आहे. २००१ साली त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला तेव्हा असे दिसले की क्षयाच्या जंतूकडे सुमारे ४,००० चालू जनुके आहेत, तर याच्याकडे जेमतेम १,६०० उरली आहेत आणि हजाराहून अधिक जनुके मोडक्या अवस्थेत नुसती पडून आहेत. उदाहरणार्थ, बाहेरून लोह ओढून घेण्यासाठी क्षयाचा जंतू जो पदार्थ स्वतः तयार करतो, तो तयार करण्याची जनुकेच याने गमावली आहेत. ऊर्जा मिळवण्याच्या साखळीतले काही दुवेही गेले आहेत. माणसाच्या पेशीत, विशेषतः भक्षक पेशीत आणि चेतातंतूंना वेढणाऱ्या श्वान पेशीत, सारे आयते मिळत गेले आणि स्वतःचे सामान त्याने टाकून दिले. आता नेमके काय काय पुरवले म्हणजे तो बाटलीत जगेल, याची पूर्ण यादी कोणालाच जुळवता आलेली नाही.

‘वाढला’ असे दावे मात्र अनेकदा झाले. मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये डॉ. कमल रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णाच्या गाठीतून एक ॲसिड फास्ट, म्हणजे आम्लाने धुतले तरी रंग न सोडणारा जंतू खरोखर वाढवला होता, तो ‘आयसीआरसी बॅसिलस’ या नावाने ओळखला गेला आणि त्यापासून लसही तयार झाली. परंतु तो जंतू एव्हियम-इंट्रासेल्युलेअर या दुसऱ्याच गटातला ठरला. संशोधन म्हणून ते काम मोलाचेच होते, पण कुष्ठरुग्णाच्या शरीरातून काढलेले आणि माध्यमावर वाढलेले सगळेच लेप्री नसते, हा धडा त्यातून आम्हा प्रयोगशाळेतल्या लोकांना मिळाला.

माध्यमावर नाही, पण जिवंत प्राण्यात तो वाढतो. १९६० साली शेपर्ड यांनी उंदराच्या पायाच्या तळव्यात तो वाढवून दाखवला. तळवाच का, तर या जंतूला थंडावा लागतो. सुमारे २७ ते ३३ अंश सेल्सिअस हे त्याचे आवडते तापमान, आणि उंदराचा तळवा त्याच्या पोटापेक्षा गार असतो. १९७१ साली नऊ पट्ट्यांच्या आर्माडिलोत तो भरपूर वाढला, तेही त्या प्राण्याचे शरीर मुळात थंड असल्यामुळेच. मामांच्या कानाच्या पाळ्या जाड झाल्या आणि भुवया गेल्या, त्यामागेही हेच आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो तेव्हा लोक मला विचारतात की मग खानदेशात हा जंतू टिकतो कसा. पण त्याचा संबंध बाहेरच्या हवेशी नसून शरीरातल्या तुलनेने गार जागांशी आहे, आणि आपली पाळी उन्हाळ्यातही आपल्या पोटाच्या आतील भागापेक्षा गारच राहते. स्मिअरसाठी आम्ही पाळी आणि कपाळ निवडतो ते त्यामुळेच.

उंदराच्या तळव्यातली चाचणी पूर्ण व्हायला सहा महिने ते वर्ष लागते. शिवाय तीत जिवंत जंतू हवे असतात आणि मामांच्या दुसऱ्या स्मिअरमध्ये ते मिळण्याची आशाच फार कमी आहे. औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंचा संशय आला तर आता जंतूच्या डीएनएमधील ठरावीक जागा वाचतात; त्यासाठी जंतू जिवंत असण्याची गरज नसते. पण ती तपासणी प्रत्येक रुग्णासाठी नाही, आणि तुमच्या मामांच्या आकड्यांवरून तसा संशय घेण्याचे कारण मला दिसत नाही.

आता आकड्यांकडे येतो. स्मिअर घेताना पाळी किंवा कपाळाची त्वचा अंगठा आणि तर्जनीत इतकी घट्ट चिमटीत धरतात की तिथले रक्त सरून जाते, आणि चीर देऊन होईपर्यंत चिमटी सैल करत नाहीत. १५ नंबरच्या पात्याने सुमारे ५ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर खोल चीर देतात, मग पाते आडवे फिरवून चिरेच्या आतल्या भिंती दोन-तीनदा खरवडतात. पात्यावर पांढुरका लगदा आणि थोडे पाणी यायला हवे. लाल रक्त आले तर जंतू त्यात विरळ होतात आणि प्लस कमी दिसतात. तो लगदा काचेवर ५ ते ७ मिलिमीटरच्या वर्तुळात पसरतात, सुकवतात, ज्योतीवरून फिरवून चिकटवतात. मग कार्बल फुक्सिन ओतून वाफ येईपर्यंत गरम करायचे, उकळू द्यायचे नाही; त्यानंतर सौम्य आम्लाने धुवायचे आणि शेवटी मिथिलीन ब्लूने बाकीची पार्श्वभूमी निळी करायची. कुष्ठरोगाचा जंतू लाल दांड्यासारखा राहतो.

हे वाचताना सोपे वाटते, पण ‘सौम्य आम्ल’ या दोन शब्दांत एकदा मोठा घोटाळा झालेला मी पाहिला आहे. एका लहान प्रयोगशाळेतून सलग काही महिने कुष्ठरोगाच्या सगळ्या काचा निगेटिव्ह येत होत्या. रुग्ण बघितले तर पाळ्या जाड, नाक बसू लागलेले, आणि रिपोर्ट ०. मी तिथे गेलो, रंगाच्या बाटल्या बघितल्या आणि कारण लगेच कळले. त्या टेबलावर थुंकीच्या तपासणीसाठी २५ टक्के गंधकाम्ल ठेवलेले होते आणि तंत्रज्ञ कुष्ठरोगाच्या काचाही त्यानेच धूत होता. क्षयाचा जंतू तेवढे आम्ल सोसतो, लेप्री सोसत नाही. त्याच्यासाठी १ टक्का आम्ल असलेले अल्कोहोल काही सेकंद पुरते. त्या काचांतल्या जंतूंचा लाल रंगच धुतला गेला होता. मुलगा मेहनती होता, त्याला फक्त एवढे कोणी सांगितले नव्हते. तेव्हापासून मी प्रत्येक रंगकामासोबत आधीच माहीत असलेली एक पॉझिटिव्ह काच रंगवून बघायला सांगतो. तिच्यातले दांडे फिके दिसले तर त्या दिवसाचे सगळे निकाल थांबवायचे. उन्हाळ्यात उलट बाजूची चूक होते: फुक्सिन काचेवर सुकते, त्याचे गडद लाल कण पडतात आणि नवखा माणूस त्यांना जंतू समजतो. कण वेगवेगळ्या आकाराचे असतात आणि सूक्ष्मदर्शकाचे फोकस हलवले की पेशींच्या पातळीवर न राहता वर तरंगताना दिसतात, त्यावरून ओळखू येतात.

मोजणी तेलाच्या, म्हणजे शंभरपटीच्या भिंगाखाली करतात आणि त्यासाठी रिडले यांची मोजपट्टी वापरतात. भिंगातून एका वेळी दिसणारे वर्तुळ म्हणजे एक फील्ड. शंभर फील्ड पाहून एकही जंतू दिसला नाही तर ०. शंभर फील्डमध्ये मिळून १ ते १० दिसले तर १+. दहा फील्डमध्ये १ ते १० दिसले तर २+. एका फील्डमध्ये सरासरी १ ते १० असले तर ३+, १० ते १०० असले तर ४+, १०० ते १,००० असले तर ५+, आणि हजाराच्या वर, गुच्छांसह असले तर ६+. जिथे जंतूंची रेलचेल असते तिथे २५ फील्ड पुरतात, विरळ असतात तिथे मात्र शंभर पाहिल्याशिवाय लिहायचे नसते. सगळ्या जागांचे प्लस मिळवून जागांच्या संख्येने भागले की बीआय मिळतो. मामांचा पहिला: पाच, पाच, चार, चार मिळून अठरा, भागिले चार, म्हणजे ४.५. दुसरा: चौदा भागिले चार, म्हणजे ३.५.

तुमची चिंता इथेच अडकली आहे, असे मला वाटते. ४.५ वरून ३.५ हे ऐकायला ‘जेमतेम पाव भाग कमी झाला’ असे वाटते. पण या पट्टीवर प्रत्येक पायरी दहापट असते. जिनिंगच्या आवारात कापसाच्या शंभर गाठी होत्या आणि आता दहा उरल्या, तर या पट्टीवर ती एक पायरी उतरली. म्हणजे मामांच्या त्वचेतील दर दहा जंतूंपैकी साधारण नऊ जंतू वर्षभरात नाहीसे झाले आहेत. एक सावधगिरी मात्र बाळगावी: पायऱ्यांच्या सीमा रुंद आहेत, एका फील्डमध्ये १०५ मोजले तर ५+ आणि ९५ मोजले तर ४+, त्यामुळे एकाच काचेबाबत दोन अनुभवी वाचकांत एका प्लसचा फरक पडू शकतो. मामांच्या बाबतीत चारही जागा एकेका पायरीने खाली आल्या आहेत, म्हणून मी तो बदल खरा मानतो. एकच जागा उतरली असती तर कदाचित मानला नसता.

तरीही एका फील्डमध्ये अजून जंतू दिसतातच, मग ते कोणते? इथे एमआयचे काम सुरू होते. जिवंत लेप्रीचा दांडा टोकापासून टोकापर्यंत एकसारखा गडद रंगतो. मेलेल्याचा रंग तुटक होतो, मध्ये मोकळ्या जागा पडतात, शेवटी नुसते ठिपके उरतात. सुटे सुटे २०० दांडे बघून त्यात किती पूर्ण भरीव आहेत त्याची टक्केवारी म्हणजे एमआय. गुच्छातले धरायचे नसतात, कारण तिथे एक दांडा दुसऱ्यावर चढून भरीव असल्याचा भास होतो. मामांच्या पहिल्या काचेत दोनशेतले बारा भरीव होते, दुसऱ्यात एकही नाही. कपाशी वेचून झाल्यावर शेतात उभ्या पऱ्हाट्या मोजल्या तर झाडे तितकीच भरतात, पण त्यांना आता बोंड येणार नाही. आज मामांच्या पाळीत आम्ही मोजतो आहोत त्या अशा पऱ्हाट्या आहेत. पाकिटातल्या रिफॅम्पिसिन या औषधाच्या ६०० मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेने काही दिवसांत बहुतांश जिवंत जंतू मरतात, आणि पहिल्या काही महिन्यांत एमआय शून्यावर येतो. बीआयला मात्र घाई नसते.

ती घाई का नसते, हेही समजून घ्या. जंतू मारण्याचे काम औषध करते, मेलेल्यांची साफसफाई मात्र शरीराच्या भक्षक पेशींना करावी लागते. मामांसारख्या रुग्णात, ज्याला लेप्रोमॅटस प्रकार म्हणतात, या जंतूविरुद्धची पेशीय प्रतिकारशक्ती जवळपास नसतेच. म्हणूनच त्यांना ठळक चट्टे न उठता जंतू सगळीकडे पसरले आणि चेहरा नुसता तुकतुकीत, जाडसर दिसू लागला. त्याच कारणाने साफसफाईही मंद चालते: बीआय साधारणपणे वर्षाला ०.६ ते १ या गतीने उतरतो. मामांचा ३.५ शून्यावर येण्यास त्या हिशेबाने साडेतीन ते सहा वर्षे लागतील, आणि तो गोळ्यांशिवायच उतरेल. आणखी एक वर्ष गोळ्या दिल्याने ही गती वाढत नाही, कारण मेलेल्या जंतूला पुन्हा मारता येत नाही.

एमआयबद्दल एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. तो वाचणाऱ्याच्या नजरेवर फार अवलंबून असतो, रंग फिका झाला तर जिवंत दांडाही तुटक दिसतो, आणि म्हणून अनेक प्रयोगशाळांनी तो देणेच सोडले आहे. मी तो एकट्याने कधी वाचत नाही. मामांच्या बाबतीत एमआय शून्य, चारही जागांचा बीआय खाली, आणि बारा पाकिटे ठरलेल्या अठरा महिन्यांच्या मुदतीच्या आतच पूर्ण, या तीन गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात, म्हणून मला शंका नाही. पाळ्या मऊ पडल्या असतील आणि नवीन गाठी नसतील तर ती चौथी गोष्ट.

उलट चित्र कसे दिसते तेही लिहितो. रोग पुन्हा उलटला असे म्हणायला कोणत्याही एका जागेचा बीआय आधीच्या नोंदीपेक्षा २+ किंवा अधिक वाढायला हवा, आणि त्यासोबत बहुधा नवीन गाठी वा चट्टे येतात, भरीव दांडे परत दिसतात. एका प्लसची वाढ मी आधी पुन्हा स्मिअर घेऊन तपासतो, कारण सीमेवरच्या आकड्यांचा आणि वाचकाच्या नजरेचा फरक मी वर सांगितलाच आहे. म्हणून पुढील स्मिअर साधारण वर्षाने, त्याच चार जागांतून आणि शक्यतो त्याच प्रयोगशाळेत व्हायला हवा. पुढच्या वेळी कोणी मांडीऐवजी कोपर घेतले तर सरासरीची तुलनाच बिघडते. जुने रिपोर्ट जागांच्या नावांसह जपून ठेवा, नुसता ‘बीआय ३.५’ असा एक आकडा पुरेसा नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवून बसा. ज्यांचा सुरुवातीचा बीआय ४ किंवा त्याहून अधिक असतो त्यांना, औषध संपल्यानंतरही, मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवर शरीर कधी कधी जोरात प्रतिक्रिया देते: ताप येतो, अंगावर लाल दुखऱ्या गाठी एकाएकी उठतात, नसा किंवा डोळे दुखतात. लोकांना वाटते रोग परतला, आणि ते पुन्हा तीच पाकिटे मागतात. तो रोग परतणे नव्हे, पण तो थांबायची वाट पाहण्याची गोष्टही नव्हे. त्याला वेगळे उपचार लागतात आणि नस दुखत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवे, उशीर झाला तर हात किंवा पाऊल कायमचे लुळे पडू शकते.

स्मिअर निगेटिव्ह म्हणजे रोग नाही, असा उलटा अर्थही काढू नका. एक ग्रॅम ऊतीत साधारण १०,००० जंतू असल्याशिवाय या पद्धतीने काही दिसत नाही, आणि एक-दोन बधीर चट्टे असलेल्या रुग्णांचा स्मिअर बहुधा ० च येतो. त्यांचे निदान बधिरपणावरून आणि जाड झालेल्या नसेवरून होते. म्हणूनच सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमात आज चट्टे मोजून वर्ग ठरवतात, स्मिअर सगळ्यांचा होत नाही. पण मामांसारखा एकही चट्टा नसलेला माणूस अशा मोजणीत नेमका निसटतो, आणि तिथे पाळीची एक चीर शंभर प्रश्नांची उत्तरे देते. मला विचाराल तर तंत्रज्ञांची ही कला आपल्याकडे विरत चालली आहे याचे वाईट वाटते.

मुलांविषयी: उपचार सुरू झाल्यावर मामांकडून संसर्ग होण्याची शक्यता थोड्याच दिवसांत नगण्य होते, त्यामुळे वेगळे ताट, वेगळे अंथरूण याची काहीही गरज नाही. जो काही संपर्क झाला असेल तो निदानाआधीच्या वर्षांतला. म्हणून त्या दोन मुलांची आणि घरातील इतरांची त्वचा आणि नसा प्राथमिक आरोग्य केंद्रात एकदा नीट तपासून घ्या, आणि संपर्कातील व्यक्तींना दिली जाणारी रिफॅम्पिसिनची एक मात्रा त्यांना मिळाली आहे का ते आशाताईंना विचारा. मिळाली असली तरी पुढची काही वर्षे वर्षातून एकदा त्यांच्या अंगावर दिवसाच्या उजेडात नजर फिरवा. या जंतूला दुप्पट व्हायलाच दोन आठवडे लागतात, त्यामुळे चट्टा दिसायला बहुधा काही वर्षे जातात.